‘उपवास’ काढून ‘उपाशीपोटी’

म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीला मी ज्या कंपनीत काम करतो, तिथे घरच्या घरी रक्तातली साखर मोजायचं छोटं यंत्र तयार होतं. यंत्र जुळवणारे लोक खालच्या मजल्यावर असतात आणि वरच्या मजल्यावर आम्ही भाषेची माणसं. प्रत्येकाकडे एकेक भाषा आहे, माझ्याकडे मराठी. अनुवाद मी करत नाही. तो पुण्याच्या एका एजन्सीकडून होऊन येतो. मी तो तपासतो, आणि कुठल्या इंग्रजी शब्दाला कुठला मराठी शब्द वापरायचा त्याची शब्दसूची ठरवतो. एजन्सीने त्या सूचीबाहेर जायचं नाही, असा नियम आहे.

त्याआधी बरीच वर्षं मी कोल्हापूरला एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. बायकोला म्हैसूरच्या एका शाळेत नोकरी लागली, माझ्या वर्तमानपत्राने माणसं कमी केली, आणि आम्ही इकडे आलो. शब्दांचं काम मिळालं म्हणून मी खूश होतो. पन्नाशीला आलेल्या माणसाला परमुलखात स्वतःच्या भाषेचं काम मिळावं, याचा थोडा गर्वही होता.

एका सोमवारी सकाळी आमच्या मदतवाहिनीकडून तीन तक्रारींची नोंद माझ्याकडे आली. तिन्ही मराठी बोलणाऱ्यांच्या. एका बाईंनी विचारलं होतं, आमच्या घरात कोणी उपवास करत नाही, मग यंत्रावरचं उपवासाचं बटण आम्ही दाबायचंच नाही का? दुसऱ्याचा प्रश्न होता की एकादशीला बटण दाबलं तर चालेल, की फक्त सोमवारीच दाबायचं? हे दोन प्रश्न वाचताना मला हसू येत होतं. तिसरी नोंद वाचली आणि ते थांबलं.

मराठवाड्यातल्या एका गावातून एका सुनेचा फोन आला होता. तिच्या सासऱ्यांना नुकताच मधुमेह निघाला होता. आमच्या पुस्तिकेत लिहिलेलं, ‘आठवड्यातून दोनदा उपवासाची साखर मोजा.’ सासरे सोमवार आणि शनिवार करत होते. तेव्हा त्या दोन दिवशी ते सकाळी शाबूची खिचडी खायचे, वर केळं खायचे आणि मग बोट टोचून साखर मोजायचे. आकडा मोठा येई. तो ते आमच्या नोंदवहीत ‘उपवास’ या रकान्यात नीट लिहीत. वही बघून गावातल्या डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण वाढवलं. आणि एका दुपारी म्हातारबुवांना घाम सुटला, हातपाय कापायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. शेजाऱ्यांनी साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. सुनेने तालुक्याच्या दवाखान्यात पुन्हा तपासणी करून घेतली, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. तिने फोन भांडायला केला नव्हता. पुस्तिकेत छापलेलं बरोबर की दवाखान्यात सांगितलेलं, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी पुस्तिका उघडून ते वाक्य पाहिलं. याआधी ते मी किती वेळा वाचलं असेल, सांगता येत नाही. शुद्धलेखन चोख होतं. इंग्रजीत होतं ते सगळं मराठीत आलेलं होतं. आणि उपवास म्हणजे खिचडी हे मला, कोल्हापूरच्या माणसाला, कोणी शिकवायला नको होतं.

तरीही त्या संध्याकाळी मी पुस्तिकेची एक प्रत घेऊन घरमालकीणबाईंकडे गेलो. तीन माणसांनी चूक केली, बाकीच्यांना कळलं असेल, अशी एक अंधुक आशा होती. म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. काकू निवृत्त शाळामास्तरीण आहेत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलं. घरात मराठी बोलतात, पण त्यात निम्मं कन्नड मिसळलेलं असतं. मी त्यांना ते पान वाचायला दिलं आणि यात काय करायला सांगितलंय ते सांगा, असं म्हटलं.

त्यांनी चष्मा लावून आधी मनात वाचलं. मग म्हणाल्या, “आठ तास उपवास करून साखर बघायची. अष्टेच ना, एवढंच? पण आठ तासांचा कसला हो उपवास? आमचा दिवसभर असतो.”

“उपवासाला तुम्ही काय खाता?” मी विचारलं.

“भात नाही. अवलक्की चालते, सब्बक्की चालते, हण्णु, हालु, सगळं चालतं.”

अवलक्की म्हणजे पोहे, सब्बक्की म्हणजे शाबू, हण्णु-हालु म्हणजे फळं आणि दूध. आमच्याकडे उपवासाला पोहे मुळीच चालत नाहीत. त्यांच्याकडे पोह्यांशिवाय उपवास होत नाही. म्हणजे एकाच शब्दाने माझ्या गावात एक ताट वाढलं जात होतं आणि इथे दुसरं, आणि डॉक्टरांना हवं होतं ते रिकामं ताट कुठेच नव्हतं. मी काकूंना विचारलं, काहीही न खाता दवाखान्यात जायचं असेल तर तुम्ही काय म्हणाल? त्या लगेच म्हणाल्या, “खाली होट्टे. उपाशीपोटी.”

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. तक्रारीत आजारपण आलं की ती आमच्याकडे गुणवत्ता विभागात जाते, तिथून तिला मुदत पडते आणि एक फॉर्म भरावा लागतो. फॉर्म माझ्या साहेबांनी भरायचा होता. साहेब कन्नड, माझ्यापेक्षा लहान, सभ्य माणूस. एकाच वेळी सात भाषांच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर असतात. त्यांनी मला एकच विचारलं, मराठीत हा शब्द चूक आहे का? मी म्हणालो, या जागी चूक आहे. त्यांनी फॉर्मवर ‘एजन्सीची चूक, गंभीर’ या चौकटीत खूण केली आणि मला एजन्सीला पत्र लिहायला सांगितलं. मी ती खूण पाहिली. त्याबद्दल काही बोललो नाही. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात काही आलंच नाही. डोक्यात फाइली होत्या.

पत्र लिहायला दोन दिवस गेले. एक शब्द काढायचा आणि दुसरा घालायचा, एवढं सोपं ते असतं तर संगणकानेच केलं असतं. पण ‘उपवास’ हे नाम आहे आणि ‘उपाशीपोटी’ हे क्रियाविशेषण. ‘उपवासाची साखर’ याचं ‘उपाशीपोटीची साखर’ झालं तर वाचणाऱ्याला अडखळायला होतं. ‘आठ तास उपवास करा’ याचं तर काहीच होत नाही. तिथे सबंध वाक्यच बदलावं लागतं. म्हणून मी एकेक फाइल उघडून त्यातली एकेक जागा पाहत गेलो आणि हाताने तक्ता केला. त्यावरून पत्र लिहिलं ते साधारण असं होतं:

‘शब्दसूचीत “उपवास” ऐवजी आता “उपाशीपोटी” असेल. बदल पुढे दिलेल्या फाइलींत करावा: वापरकर्त्याची पुस्तिका, झटपट मार्गदर्शिका, नोंदवहीचे रकाने, मोबाइल ॲपमधील मजकूर, आठवण करून देणारे संदेश, आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणाच्या स्लाइड, माहितीपटाची मराठी सबटायटल्स, आणि भिंतीवरचा तक्ता. तक्त्यातील मजकूर चित्रात गोठवलेला असल्याने शोधून सापडणार नाही. तो डोळ्यांनी पाहावा.

‘एकगठ्ठा शोधून बदलू नये. “उपवासाची साखर” तेथे “उपाशीपोटी मोजलेली साखर” असे करावे. “आठ तास उपवास करा” तेथे “आठ तास काहीही खाऊ नका, फक्त साधे पाणी प्या” असे लिहावे.

‘पुढील जागी “उपवास” तसाच ठेवावा. एक, पुस्तिकेचा “सणवार आणि उपवास” हा भाग. तेथे खरोखरीच्या उपवासाबद्दल, म्हणजे त्या दिवशी औषध डॉक्टरांना विचारून घेण्याबद्दल लिहिले आहे. दोन, जेथे यंत्राच्या पडद्यावरील बटणाचे नाव सांगितले आहे. यंत्रातील शब्द पुढच्या आवृत्तीशिवाय बदलणार नाही, आणि पुस्तिकेत एक व पडद्यावर दुसरे असे होऊ नये. तेथे बटणाच्या नावापुढे “म्हणजे काहीही न खाता” एवढे जोडावे. तीन, खोक्यावरचा मंजूर झालेला मजकूर. त्याला हात लावू नये, ती मंजुरी आम्ही वेगळी घेऊ.

‘आधीच्या वाक्यांचा जो साठा तुमच्याकडे आहे, त्यातही हीच दुरुस्ती करावी, नाहीतर पुढच्या कामात जुने वाक्य आपोआप परत येईल. सूचीत “उपवास” हा शब्द या अर्थी निषिद्ध म्हणून नोंदवावा.’

आणि अगदी वर, साहेबांच्या फॉर्ममधलं पहिलं वाक्य मी जसंच्या तसं मराठीत उतरवलं: ‘अनुवादात चुकीची संज्ञा वापरल्याने हा बदल करावा लागत आहे, ही गंभीर चूक नोंदवण्यात आली आहे.’ गुरुवारी दुपारी पत्र पाठवलं आणि डबा खायला गेलो.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. एजन्सीत आमचं काम बघणाऱ्या बाईंचं. त्या एरवी फोनवर मोकळेपणी बोलतात, पण हे पत्र कोरडं होतं. बदल समजले, पुढच्या शुक्रवारपर्यंत फाइली देऊ, असं लिहिलं होतं. खाली एक तक्ता जोडला होता आणि त्यावर एकच शब्द होता: ‘संदर्भासाठी.’

तो पहिल्या अनुवादाच्या वेळचा शंकांचा तक्ता होता. अनुवादकाला काही खटकलं की तो त्यात लिहितो आणि उत्तर मी देतो. त्यांनी एक ओळ पिवळी केली होती. शंका अशी होती: ‘सूचीत उपवास दिला आहे. पण उपवासाला लोक फराळ करतात. रुग्ण खाऊन तपासणी करतील अशी भीती वाटते. उपाशीपोटी घ्यावे का? बटणावर जागा कमी असल्यास नुसते उपाशी चालेल.’

शेजारी माझं उत्तर: ‘उपाशी हा शब्द दीनवाणा वाटतो. शब्दसूचीप्रमाणेच ठेवावे.’

त्याखाली माझी आद्याक्षरं.

मला ते आठवत नव्हतं, आणि हे मी अगदी शपथेवर सांगू शकतो. पण वाचल्याबरोबर सगळं आठवलं. त्या दिवशी माझ्यापुढे अशा शंभरेक शंका होत्या. शेजारच्या टेबलावरच्या कन्नडवाल्या मुलीने आपल्या पुस्तिकेत सरळ ‘खाली होट्टे’ घातलं होतं आणि मला ते जरा गावंढळ वाटलं होतं. पुस्तिका कशी भारदस्त दिसायला हवी. उपाशी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दारात उभा राहिलेला माणूस येई. यंत्रावर, कंपनीच्या नावाखाली, तो शब्द मला नको होता. एवढ्यावर मी ठरवलं होतं. शंका काय होती तिकडे बघितलंच नव्हतं.

मी एजन्सीच्या बाईंना फोन केला. तो तक्ता पाहिला, म्हणालो. त्या म्हणाल्या की त्यांना वाद घालायचा नाही, पण अनुवादकाच्या नावावर आमच्याच कंपनीची एक गंभीर चूक आधीच लागलेली आहे, एका आकड्यातला दशांश चिन्हाचा ठिपका राहिला होता. दोन झाल्या की त्या व्यक्तीला आमच्या कामावरून काढावं लागतं. नियम आमच्याच करारात आहे.

“तुम्हाला सांगते सर, या अनुवादक बाई बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी वॉर्डात फिरून हेच सांगायच्या, उपाशीपोटी राहा म्हणून. त्यांना ते पत्र मी अजून दाखवलेलं नाही.”

त्या बोलेपर्यंत अनुवादक पुरुष असेल असं मी धरून चाललो होतो. का, कोण जाणे.

मी ते पत्र दाखवू नका, असं सांगितलं. सोमवारी दुसरं पाठवतो म्हणालो. फोन ठेवून तक्त्याची एक प्रत छापून घेतली. कारण सोमवार म्हणजे आधी साहेब.

दोन दिवस सुट्टीचे होते. बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, तुझी नोकरी जाईल का? मी म्हणालो, नोकरी जाणार नाही बहुतेक. मग तिने पेपर तपासायला घेतले. तिच्या त्या शांतपणाचा मला रागही आला आणि आधारही वाटला. रविवारी मी कपड्यांना इस्त्री केली, भाजी आणली, आणि दर तासाने मनातल्या मनात साहेबांशी बोललो. प्रत्येक वेळी थोडं वेगळं बोललो. एका खेपेला तर असंही म्हणालो की सूची सर्वांनी मिळून मंजूर केली होती, तेव्हा चूक सगळ्यांचीच. ते खोटं नव्हतं. सूचीवर आणखी तिघांच्या सह्या होत्या. पण त्या तिघांपैकी एकालाही मराठी येत नव्हतं.

सोमवारी साहेबांच्या खोलीत गेलो आणि तक्ता पुढे ठेवला. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून दोन्ही रकाने मी इंग्रजीत सांगितले. स्वतःचं वाक्य स्वतःच दुसऱ्या भाषेत सांगताना ते जास्तच वाईट लागतं. दीनवाणा या शब्दाला इंग्रजी शब्दच सापडेना. शेवटी म्हणालो, मला तो गरीब वाटला.

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. फॉर्म गुरुवारीच पुढे गेला होता. आता तो परत मागवायचा म्हणजे गुणवत्ता विभागाला कारण द्यायचं, कारण दिलं की बैठक, बैठक झाली की अहवाल. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक येताना मला दिसत होतं. त्यांनी विचारलं की शब्द बदलतोय, फाइली येतायत, मग चौकट बदलून नेमकं काय साधणार? मी त्या सिस्टरबाईंबद्दल सांगितलं.

त्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. मग हळू आवाजात म्हणाले, “लिहिलं की ते तुमच्या नावावर राहतं. मी नंतर पुसू शकणार नाही.”

“हो,” मी म्हणालो. “निर्णय माझा होता.”

त्यांनी फॉर्म परत मागवला. कारणाचा भाग मला लिहायला सांगितला आणि मी तो लिहिला: अनुवादकाने धोका आधीच लक्षात आणून दिला होता, कंपनीच्या मराठी तपासनिसाने तो नाकारला. चार ओळी. त्या लिहून झाल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसती झोप येत होती, भर सकाळी.

एजन्सीला दुसरं पत्र गेलं. फाइली आणि अपवाद तेच. फक्त वरचं वाक्य बदललं. ‘ही संज्ञा आमच्या शब्दसूचीतली होती. अनुवादकाने शंका विचारली असता ती बदलू नये असे आम्हीच सांगितले होते. आधीचे पत्र रद्द समजावे.’ ‘आम्ही’ लिहिलं होतं ते खोडून ‘मी’ केलं, पण साहेब म्हणाले की कंपनीच्या पत्रात मी चालत नाही. ते पुन्हा ‘आम्ही’ झालं.

फाइली ठरल्याप्रमाणे शुक्रवारी आल्या. त्या सिस्टरबाईंनीच केल्या होत्या. आभार नव्हते, तक्रारही नव्हती. शंकांच्या तक्त्यात मात्र एक नवी ओळ होती: ‘सणवाराच्या भागात उपवास तसाच ठेवला आहे. पण त्याच भागाचे तिसरे वाक्य तपासणीबद्दल आहे. तेथे उपाशीपोटी हवे असे वाटते. कृपया पाहावे.’

मी पाहिलं. वाक्य होतं, ‘सणाच्या दुसऱ्या दिवशी उपवासाची साखर मोजा.’ सगळा भाग अपवादात टाकताना ते मी त्यातच गाडलं होतं. म्हणजे माझ्या पत्राप्रमाणे डोळे मिटून काम झालं असतं, तर तीच चूक पुन्हा छापली गेली असती. उत्तराच्या रकान्यात मी लिहिलं, ‘तुमचे बरोबर आहे. बदलावे.’ आणखी काही लिहावं असं वाटत होतं. त्या चौकटीत कसं लिहायचं ते कळेना. एजन्सीच्या नियमाप्रमाणे अनुवादकाशी थेट बोलता येत नाही, आणि बोलता आलं असतं तरी मी काय बोललो असतो?

मदतवाहिनीवरच्या मुलीने माझ्या सांगण्यावरून त्या सुनेला फोन केला. सासरे बरे होते, गोळी पूर्वीइतकी केली होती. तिने दुरुस्त पुस्तिका मागितली होती, ती पोस्टाने पाठवली. सोबत बटणाबद्दलची चिठ्ठी मी मोठ्या अक्षरात छापून घातली, कारण त्यांच्या यंत्राच्या पडद्यावर अजून ‘उपवास’च दिसणार होतं.

गुणवत्ता विभागाची बैठक झाली. आता मराठी सूचीतला कुठलाही शब्द माझ्या एकट्याच्या सांगण्यावरून पक्का होत नाही. बाहेरच्या एका मराठी वाचकाला आधी तो वाचायला देतात आणि त्याने काय केलं असतं ते विचारतात. नियम चांगला आहे. तो आणायला मी कारण झालो, हे खालच्या मजल्यावरही सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणी बोलून दाखवत नाही.

यंत्राची नवी आवृत्ती पुढे कधीतरी निघेल. बटणावर ‘उपाशी’ लिहायचं ठरलंय. तीन अक्षरं, जागेत नीट बसतात. तोपर्यंत नव्या मजकुरात बटणाचं नाव आलं की त्यापुढे ‘म्हणजे काहीही न खाता’ आहे का, ते मी पाहतो. कालच तीन जागी नव्हतं. घातलं आणि फाइल परत पाठवली.